दोनशे पुस्तकं आणि दोन तास

अमेरिकेतल्या विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करणाऱ्याला प्रबंधाला हात घालण्याआधी एक परीक्षा द्यावी लागते. कुठे तिला 'कॉम्प्स' म्हणतात, कुठे 'जनरल्स', कुठे नुसतं 'ओरल्स'. साधारण तिसऱ्या वर्षी ती येते. विद्यार्थी इतिहासाची तीन किंवा चार विस्तृत क्षेत्रं निवडतो, प्रत्येक क्षेत्राला एक प्राध्यापक परीक्षक असतो आणि त्याच्याशी बसून त्या क्षेत्राची वाचनयादी ठरते. काही विभाग आधी लेखी उत्तरं मागतात, पण बहुतेक ठिकाणी निकाल लागतो तो सगळे परीक्षक एका टेबलाभोवती बसतात त्या सुमारे दोन तासांच्या तोंडी परीक्षेत. आपल्याकडच्या पीएच.डी.त कोर्सवर्क असतं, पण या परीक्षेशी त्याची तुलना होत नाही. इथे ठरलेला अभ्यासक्रम नसतो आणि जुन्या प्रश्नपत्रिका घोकण्याचाही उपयोग नसतो.

समजा एखाद्याने दक्षिण आशियाचा सतराव्या-अठराव्या शतकांचा इतिहास, हिंदी महासागराचा व्यापार आणि ब्रिटिश साम्राज्य ही तीन क्षेत्रं घेतली. प्रत्येकाच्या यादीत सत्तर पुस्तकं धरली, तर एकूण दोनशे दहा होतात. हाताशी आठ महिने, म्हणजे जेमतेम चौतीस आठवडे असतात. त्यातले शेवटचे सहा नव्या वाचनाला देता येत नाहीत, ते उजळणीसाठी राखावे लागतात. उरलेल्या अठ्ठावीस आठवड्यांत दर आठवड्याला सात ते आठ पुस्तकं संपवावी लागतात. हा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला की एक गोष्ट उघड होते: पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय सोडावी लागणार. नेमकी हीच सवय चांगल्या विद्यार्थ्यांना सुटता सुटत नाही.

पुस्तकाची प्रस्तावना आणि समारोप नीट वाचायचा, अनुक्रमणिकेवरून युक्तिवादाची चढण ओळखायची, एखादं मधलं प्रकरण बारकाईने पाहायचं आणि तळटिपांतून कागदपत्रं कुठली वापरली आहेत ते टिपायचं. नियतकालिकांतली दोन परीक्षणं वाचली की इतर अभ्यासकांना ते पुस्तक कुठे खटकलं तेही कळतं. मग एकच पान टिपण: लेखकाचा प्रश्न काय, त्याचं म्हणणं काय, पुरावा कोणता, वाद कुणाशी आणि कच्चा दुवा कुठे. टिपण एका पानाबाहेर गेलं तर ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कुणी वाचत नाही.

पुस्तक खरोखर हाती लागलं का, हे ओळखण्याची एक खूण आहे. ते मिटून दोन वाक्यांत सांगून पाहायचं. आंद्रे विंक यांचं १९८६ सालचं मराठ्यांवरचं पुस्तक घ्या. 'हे मराठ्यांच्या राज्यातल्या जमिनीच्या हक्कांविषयी आहे' एवढंच तोंडातून आलं, तर फक्त विषय कळला. 'विंक म्हणतात, मराठ्यांचं स्वराज्य मुघल सत्तेबाहेरचं बंड म्हणून उभं राहिलं नाही. स्थानिक वतनदारांना फोडत, आपल्याकडे वळवत सत्ता वाढवण्याची जी रीत मुघल व्यवस्थेच्या आतच होती, तिच्यातून ते वाढलं' असं सांगता आलं, तर युक्तिवाद कळला. परीक्षक विषय विचारत नाहीत.

मात्र सुटे युक्तिवाद कितीही साठवले तरी ते पुरत नाहीत. यादी मुळात काही वादांभोवती रचलेली असते आणि तयारीचं खरं काम म्हणजे पुस्तकं त्या वादांत आपापल्या जागी बसवणं. अठराव्या शतकाचाच वाद पाहू. मुघल साम्राज्य खचलं तेव्हा देशही खचला का? इरफान हबीब यांच्या १९६३ सालच्या ग्रंथात उत्तर शेतीत शोधलेलं आहे. जहागिरी वरचेवर बदलत असल्याने जहागिरदाराला जमिनीच्या भवितव्याशी देणंघेणं नव्हतं, तो रयतेला पिळत गेला, शेतकरी परागंदा झाले आणि जमीनदारांच्या साथीने उठले. पुढे मुझफ्फर आलम यांनी १९८६ मध्ये अवध आणि पंजाबचा अभ्यास करून दाखवलं की अवधमध्ये जमीनदार उठले खरे, पण त्यांच्या हाती पैसा खेळू लागला होता म्हणून. सी. ए. बेली यांना १९८३ च्या पुस्तकात उत्तर भारतात नवी बाजारगावं, पेढ्या आणि सावकार भरभराटीला आलेले दिसतात. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी पेशवे दफ्तरातल्या कागदांवरून माळव्यात मराठ्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने कसा बसला ते मांडलं. त्यांच्या मांडणीत लुटीच्या जागी हळूहळू वसुलीची घडी बसते.

इथे थांबून 'जुनं मत ऱ्हासाचं, नवं मत भरभराटीचं' असं उत्तर दिलं तर परीक्षक पुढचा प्रश्न टाकणारच: मग बरोबर कोण? या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. चांगलं उत्तर पुराव्याकडे वळतं. हबीब यांचा भर मुघल काळाच्या फारसी साधनांवर आहे, तर गॉर्डन मराठी दफ्तर वाचतात. कुणी दिल्लीतून पाहतो, कुणी प्रांतातून. केंद्राचा महसूल आटला तरी प्रांतात तो जिरत असू शकतो. शिवाय अवधचं चित्र पंजाबला लागू पडत नाही, हे आलम स्वतःच दाखवतात. म्हणजे 'कुठे, केव्हा आणि कुणासाठी' हे विचारल्याशिवाय वाद सुटत नाही आणि तसं सांगताना स्वतःचा कल कुठे आहे तेही बोलावं लागतं.

खरी कसोटी लागते ती क्षेत्रांच्या सीमेवर. महासागर-व्यापाराचे परीक्षक मध्येच विचारतात, 'बेलींच्या गावांत भरभराट, मग सुरतेचं काय?' अशीन दासगुप्ता यांनी १९७९ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांची १७०० ते १७५० मधली घसरण तपशिलात मांडली आहे. तेव्हा एकाच काळात किनाऱ्यावरचं मोठं बंदर बसत होतं आणि आतल्या भागात पेढ्या उभ्या राहत होत्या, हे एकत्र समजावून द्यावं लागतं. ब्रिटिश साम्राज्याचे परीक्षक तिसऱ्या बाजूने येतात: देश इतका जिवंत होता, तर कंपनी जिंकली कशी? बेलींचं एक उत्तर असं की कंपनी याच संपन्नतेवर पोसली. तिच्या फौजा आणि मोहिमा देशी सावकारांच्या पैशावर आणि इथल्याच महसुलावर चालल्या. असे दुवे परीक्षेच्या खोलीत बसून सुचत नाहीत. म्हणून शेवटच्या सहा आठवड्यांत तिन्ही याद्यांतली पुस्तकं एका प्रश्नाखाली आणणारी उत्तरं मोठ्याने बोलून पाहायची असतात. शक्यतो दुसऱ्या क्षेत्रातल्या एखाद्या सहाध्यायासमोर, कारण त्याला न कळलेली जागा हीच बहुधा कच्ची जागा असते.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणी. ज्या क्षेत्रात प्रबंध लिहायचा त्यातच विद्यार्थी रमतो आणि तिसरी यादी शेवटच्या महिन्यावर ढकलली जाते. किंवा प्रत्येक पुस्तकातून आणखी दोन नावं सापडत जातात आणि सत्तरची यादी शंभरावर जाते. म्हणून ती एका तारखेला परीक्षकाच्या संमतीने बंद करावी लागते. आणखी एक चूक वरवर क्षुल्लक वाटते. इतिहासकारांची मतं तोंडपाठ, पण पानिपत आधी की बक्सर हे पटकन सांगता येत नाही. १७६१ आणि १७६४ मध्ये तीनच वर्षांचं अंतर आहे. त्यात घोटाळा झाला की वरचा सगळा इमला डळमळतो. त्यासाठी प्रत्येक क्षेत्राची एक साधी कालरेषा भिंतीवर लावणं पुरतं.

परीक्षेच्या शेवटी विद्यार्थ्याला बाहेर बसवून परीक्षक आपसात बोलतात. बहुतेक जण उत्तीर्ण होतात. काहींना एखाद्या क्षेत्रापुरता निबंध लिहायला किंवा तेवढाच भाग पुन्हा द्यायला सांगितलं जातं, आणि क्वचित कुणाला सगळी परीक्षा दुसऱ्यांदा द्यावी लागते. उत्तीर्ण झालेल्याचा प्रबंध-प्रस्ताव मंजूर झाला की त्याला 'एबीडी' म्हणतात, म्हणजे प्रबंधाखेरीज सगळं झालेला.