वर्षसणाच्या आत

मैत्रिणीचं लग्न वैशाखात सांगलीला झालं. मी गेले नाही, फोन केला नाही, दोन ओळींचा निरोपही पाठवला नाही. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा मी तिला पत्र लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात अकरा वाक्यं होती आणि त्यातली आठ माझ्याबद्दल होती. ऑफिसचं काम, आईचं दुखणं, नंतर घर बदललं, मग इतका उशीर झाल्यावर लिहायचं कसं याची लाज. सगळं खरं होतं. पण वाचून पाहिलं तेव्हा कळलं, हे पत्र हातात पडल्यावर तिला एकच उत्तर देता येईल: ‘अगं असू दे, होतं असं.’ म्हणजे लग्न तिचं आणि समजूत तिनं माझी काढायची.

मग आठांपैकी सात वाक्यं खोडली. उशिराचा उल्लेख गाळला नाही. तो गाळला तर वाचणाऱ्याला पुढे काही वाचवत नाही, कारण मनात तोच प्रश्न असतो. एक वाक्य ठेवलं: ‘तुझ्या लग्नाला सात महिने झाले आणि मी आज लिहितेय, हे मला लागून राहिलंय.’ त्यात ‘कारण’ हा शब्द नाही आणि ‘पण’ही नाही. ‘माफ कर, पण’ असं लिहिलं की पुढे वकिली सुरू होते. एखादं मोठं कारण सांगायलाच हवं असेल, घरात कुणी गेलं असेल, तर ते भेटीत किंवा वेगळ्या फोनवर सांगावं. शुभेच्छांच्या पत्रात ते आलं की नवीन जोडप्याला आनंद बाजूला ठेवून सांत्वन करावं लागतं.

दुसरी अडचण भाषेची निघाली. हात सवयीनं ‘नांदा सौख्य भरे’ लिहायला गेला. हा आशीर्वाद उंबरठ्यावरचा आहे, संसार अजून सुरू व्हायचा आहे असं धरून दिलेला. सात महिने एका घरात राहिलेल्या दोघांना ‘नांदा’ म्हटलं की पत्र वैशाखातच अडकून पडतं. म्हणून मी त्यांच्या आजकडे वळले. लग्नाचे फोटो एका मैत्रिणीकडून मागवून घेतले आणि नीट पाहिले. एका फोटोत अंतरपाट नुकताच खाली आलाय, त्याचं एक टोक मामांच्या हातात राहिलंय, आणि ही हार घालायचं विसरून त्याच्याकडे बघत हसतेय. तेवढंच लिहिलं.

फोटो मागताना त्याच मैत्रिणीला ‘दोघं बरी आहेत ना?’ असंही विचारलं. हे विचारणं मला फार गरजेचं वाटतं. सात महिन्यांत घरात दुःख आलेलं असू शकतं, दोघांचं बिनसलेलं असू शकतं. अशा वेळी अंतरपाटाची आठवण जिव्हारी लागेल.

उशिरा लिहिणाऱ्याला आपल्याकडे एक आधार आहे, तो वर्षसणाचा. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मराठी घरात संपूर्ण साजरं होतं: श्रावणातली मंगळागौर, जावयाचा दिवाळसण, मग पहिली संक्रांत, त्यात काळी साडी आणि हलव्याचे दागिने. मंगळागौर आणि दिवाळी माझ्या हातून गेली होती, संक्रांत उरली होती. तिचा धागा धरला तर पत्र चुकलेल्या दिवसाचं न राहता येणाऱ्या दिवसाचं होतं.

आहेराचा मोहही झाला. उशीर भरून काढायला भारी साडी घ्यावी असं वाटलं. पण साडी महाग असती तर तिच्यावर परतफेडीचं ओझं पडलं असतं, आणि उशिराची रक्कम मोजून दिल्यासारखं दिसलं असतं. मी पाव किलो तिळाचा हलवा पाठवला, घरी केलेला. परातीत मंद आचेवर पाक थेंबाथेंबानं सोडत, काटा येईपर्यंत तीन दिवस लागले.

पत्र शेवटी असं झालं:

‘प्रिय सखे, आणि तुमचंही नाव पहिल्यांदाच लिहितेय म्हणून तुम्हालाही नमस्कार. तुमच्या लग्नाला सात महिने झाले आणि मी आज लिहितेय, हे मला लागून राहिलंय. अंतरपाट खाली आला तेव्हाचा तुझा फोटो पाहिला. हार हातातच, आणि तू हसतेयस. कॉलेजात निकाल लागला तेव्हा अशीच हसली होतीस. तुम्हा दोघांचा संसार असाच हसत चालू दे, असं मनापासून वाटतं. सोबत हलवा आहे. पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर दागिने घालशील तेव्हाचा फोटो मला पाठव. माघात मी नाशिकला येतेय, पहिल्या रविवारी. सकाळी तुमच्याकडे चहाला येऊ का?’

‘लवकरच भेटू’ लिहिलं नाही. वार सांगितला.

संक्रांतीच्या संध्याकाळी फोटो आला. गळ्यात हलव्याचा हार, शेजारी त्याच्या हातात हलव्यानं मढवलेला नारळ. खाली तिनं लिहिलं होतं: ‘रविवारी चहा नाही, जेवायलाच ये. हलव्याला काटा छान आलाय.’