दहा चिन्हे, तीस बाइट

यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक चिन्ह सारखी जागा घेत नाही. इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला 3 आणि बहुतेक इमोजींना 4. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचताना चार-पाच अक्षरांचे वाटते. संगणक मात्र ज, हलंत, ञ, काना, न, मात्रा, श, हलंत, व, र अशी दहा चिन्हे साठवतो आणि त्यांचे 30 बाइट होतात.

ओरॅकलमध्ये `VARCHAR2(25)` असा कॉलम केला, तर मूळ सेटिंगनुसार हे 25 बाइट असतात. वेबफॉर्मवर `maxlength="25"` ही मर्यादा घातली, तरी ब्राउझर बाइट मोजत नाही. त्याच्या हिशेबी हे नाव दहाच चिन्हांचे असल्याने ते बिनदिक्कत पुढे जाते आणि डेटाबेस ते नाकारतो. `ORA-12899` या संदेशात `actual: 30, maximum: 25` असे आकडे दिसले, की खरा घोळ लक्षात येतो. इंग्रजी नावांवर केलेल्या चाचणीत तो सापडत नाही.

म्हणून फॉर्ममध्येही बाइटच मोजावे लागतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते:

```js
new TextEncoder().encode(name).length
```

ब्राउझरमधली तपासणी टाळता येते, त्यामुळे हीच मोजणी सर्व्हरवरही करावी लागते. तीही पुढची-मागची रिकामी जागा काढल्यानंतर, म्हणजे जो मजकूर प्रत्यक्ष साठवायचा आहे त्याचीच.

मजकूर कापायचाच असेल, तर थेट पंचविसाव्या बाइटनंतर कापून चालत नाही. वरच्या नावात पहिल्या आठ चिन्हांचे 24 बाइट होतात आणि पंचविसावा बाइट ‘व’चा पहिला तुकडा असतो. तो एकटा उरला, तर पडद्यावर � असे चिन्ह उमटते. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाच्या पहिल्या बाइटनंतरचे सगळे बाइट `10` ने सुरू होतात. कापून टाकायच्या भागाचा पहिला बाइट तसा असेल, तर चिन्ह मधोमध तुटले आहे. मग तसा नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे सरकून त्याच्या आधी कापायचे. इथे 24 बाइट उरतात.

तेवढ्याने सांकेतिक दोष जातो, पण उरते ‘ज्ञानेश्’. शेवटी हलंत लोंबकळत असल्याने जोडाक्षर अर्धेच राहते. संपूर्ण अक्षर जपायचे, तर आणखी मागे येऊन ‘ज्ञाने’पाशी, म्हणजे 18 बाइटांवर थांबावे लागते. यादीतल्या सारांशाला अशी काटछाट चालते. व्यक्तीचे नाव मात्र गुपचूप कापण्याऐवजी ‘नाव मर्यादेपेक्षा मोठे आहे’ असे वापरणाऱ्याला सांगणे योग्य.

कॉलम बदलण्याची मुभा असेल, तर `VARCHAR2(25 CHAR)` लिहिल्यावर ओरॅकल चिन्हे मोजतो आणि पूर्ण नाव मावते. पण या प्रकाराची कमाल मर्यादा बाइटांतच राहते. ती सर्वसाधारणपणे 4000 बाइट, म्हणजे देवनागरीची 1333 चिन्हे. लांब मजकुराच्या रकान्याला बाइटांची तपासणी त्यामुळे तरीही लागतेच.