खर्जाच्या तारेतला गंधार

मिरजेचा तंबोरा ऐकताना गायक ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात, तो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. चार तारांपैकी एक पंचमाची, दोन जोडीच्या षड्जाच्या, एक खर्जाची. तरी गंधार ऐकू येतो, आणि तो खर्जाच्या तारेतूनच निघतो.

एकोणिसाव्या शतकात मिरजेच्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्यात फरीदसाहेबांचे नाव पहिले घेतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

आता तार पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून दांडीवरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत ती ९० सेंमी मोकळी आहे असे धरू. दोन्ही टोके पक्की, तिथे हालचाल शून्य. म्हणून तारेवर स्थिर राहणाऱ्या लहरीची अर्धी लांबी या ९० सेंमीत पूर्ण संख्येनेच बसली पाहिजे. एक अर्धी लहर बसली तर तरंगलांबी १८० सेंमी. खर्ज ७० हर्ट्झवर लावला असेल तर तारेवरून लहर सेकंदाला १२६ मीटर वेगाने धावते. दोन बसल्या तर ९० सेंमी, १४० हर्ट्झ. तीन बसल्या तर ६० सेंमी, २१० हर्ट्झ, म्हणजे पंचम. चार बसल्या तर २८० हर्ट्झचा षड्ज, आणि पाच बसल्या तर ३६ सेंमी, ३५० हर्ट्झ. ३५० ला २८० ने भागले की ५/४ येते, आणि शुद्ध गंधाराचे षड्जाशी तेच नाते आहे.

हे हाताने तपासता येते. पाच भागांच्या लहरीत तार १८, ३६, ५४ आणि ७२ सेंमीवर स्थिर राहते. घोडीपासून १८ सेंमीवर बोट नुसते टेकवा, दाबू नका, आणि तार दुसरीकडे छेडा. खर्ज विझतो, गंधार स्वच्छ उरतो. बोट थोडे सरकले तर आवाज दबतो. जागा चुकल्याची हीच खूण. भजनाच्या एकतारीलाही हाच नियम लागू.

तंबोऱ्याची खरी करामत मात्र घोडीत आहे. जिथे एखाद्या लहरीचा स्थिर बिंदू असतो तिथेच तार छेडली, तर ती लहर उठूच नये असा जुना नियम. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले की तंबोऱ्यात ती तरीही उठते. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो, त्यावर तारेखाली सूत सरकवलेले असते. तार कंप पावताना त्या माथ्याला टेकत-सुटत राहते, त्यामुळे शक्ती वरच्या स्वरांकडे सतत जात राहते. हीच जवारी. सूत केसभर सरकले तर तार बद्द वाजते किंवा कर्कश झणझणते. वापरून घोडीवर तारेची खाच पडली की सूत कितीही हलवा, गंधार परत येत नाही. मग माथा पुन्हा घासून जवारी काढावी लागते.