रोज ३४ बिन

भिवंडीजवळ, मानकोली-दापोड्याच्या पट्ट्यात एका गाळ्यात मी कैक वर्षं स्टॉक सांभाळला. माल गाड्यांच्या सुट्या भागांचा: बेअरिंग, ऑइल सील, फिल्टर, क्लच प्लेट. सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास प्रकार. प्रत्येक रॅकला नंबर, रॅकमधल्या प्रत्येक खणाला नंबर. त्या खणाला आम्ही बिन म्हणतो. कुठल्या बिनमध्ये कुठला माल किती नग आहे, हे कॉम्प्युटर सांगतो आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून ऑफिसातली मंडळी गिऱ्हाइकाला शब्द देतात. आकडा चुकला की शब्द खोटा पडतो. २० नग आहेत म्हणून ऑर्डर घेतली आणि पोरगा बिनपाशी गेला तर तिथे १४.

हा आकडा खरा ठेवायचा आमचा एकच उपाय होता, मार्चअखेरची मोजणी. २९ तारखेला शटर खाली ओढायचं आणि तीन दिवस सगळा गाळा मोजून काढायचा. दोघादोघांच्या जोड्या, एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. मोजून झालेल्या बिनला टॅग लावायचा, मग दुसऱ्या जोडीने तोच बिन पुन्हा मोजायचा, दोघांचं जमलं नाही तर तिसऱ्यांदा. माणसं पुरत नसत, म्हणून अकाउंट्समधले आणि सेल्सचे लोक यायचे. ते मनापासून काम करत, पण ऑइल सील कुठलं आणि ओ-रिंग कुठली, हे त्यांनी ओळखावं कसं? दहा-दहाचं एक अशी ४८ पाकिटं असली, तर कुणी ४८० लिही, कुणी ४८. रात्री अकराला सहाशेवा बिन मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर मी स्वतःसुद्धा विसंबणार नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

त्यात मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी धावपळ. विक्रीचं टार्गेट गाठायला बिलं धडाधड फाटत असतात. बिल झालंय, पण माल अजून दारातच उभा आहे. गाडी खाली झाली आहे, पण आवक सिस्टीममध्ये चढलेली नाही. हा दारातला माल मोजायचा की सोडायचा, याची रेघ आधीच आखावी लागते. ती रेघ म्हणजे कट-ऑफ. ती एका तासाने जरी इकडेतिकडे झाली, तरी मोजणी अचूक असूनही हिशेब जुळत नाही. मग तो खोटा फरक खरा धरून सिस्टीमचा आकडा बदलला जातो. बरोबर असलेला आकडा मोजणीनेच बिघडवल्याचं मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे.

एका वर्षी मोजणीचा निकाल फार छान लागला. रुपयांत सगळी वाढ-घट एकमेकांतून वजा केली, तर निव्वळ फरक अर्धा टक्काही नव्हता. ऑफिसात सगळे खूश. आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात 'माल दाखवतो पण मिळत नाही' ही ओरड पहिल्यासारखीच सुरू झाली. असं का होतं, ते मला दोन बेअरिंगांनी शिकवलं.

6203-2RS आणि 6203-2Z. दोन्ही बेअरिंगांचं माप एकच, १७ मिलिमीटरचं भोक आणि ४० मिलिमीटरचा बाहेरचा व्यास. फरक फक्त झाकणात. 2RS ला दोन्ही बाजूंनी रबरी सील असतं, ते आतल्या कड्याला टेकतं आणि धूळ-पाणी आत जाऊ देत नाही. 2Z ला पत्र्याची झाकणं असतात, आणि त्यांच्यात व आतल्या कड्यात बारीक फट राहते. खोकी सारखी, रंग सारखा, लेबलावर मोठ्या अक्षरांत 6203 आणि पुढची दोन-तीन अक्षरं बारीक. आमच्याकडे दोन्ही शेजारशेजारच्या बिनमध्ये होती.

तोपर्यंत आम्ही फिरती मोजणी सुरू केली होती. गोदामात हिला सायकल काउंट म्हणतात. दार बंद करायचं नाही. रोज थोडे बिन मोजायचे आणि वर्षभरात सगळ्या गाळ्याची फेरी पुरी करायची. त्या सकाळी यादीत 2RS चा बिन होता. मोजणाऱ्याच्या हातातल्या कागदावर बिनचा नंबर, मालाचं नाव आणि एक रिकामा चौकोन. सिस्टीमचा आकडा त्यावर छापायचाच नाही, हा नियम मी कधी मोडू दिला नाही. '४१०' असं आधीच दिसलं की माणूस ४१० मोजतो. त्यात लबाडी नसते, डोळ्याला जे शोधायला सांगितलं ते तो शोधतो.

मोजले ३९८. सिस्टीममध्ये ४१०. दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेतले, ३९८च. १२ नग कमी. इथे दोन वाटा फुटतात. सिस्टीममध्ये जाऊन ३९८ करून टाकायचं, ही सोपी वाट. आम्ही शेजारचा बिन मोजला. 2Z चे सिस्टीममध्ये २६५, प्रत्यक्षात २७७. १२ जास्त. म्हणजे एक नगही हरवला नव्हता. दोन्ही मिळून ६७५ असायला हवे होते आणि ६७५च होते.

मार्चअखेरच्या हिशेबात हे दिसलंच नसतं. दोन्ही बेअरिंगांची किंमत जवळपास सारखी, त्यामुळे एकीकडचे १२ वजा आणि दुसरीकडचे १२ अधिक मिळून रुपयांत जवळजवळ शून्य. पण ज्या मेकॅनिकला चिखलापाण्यात फिरणाऱ्या चाकासाठी रबरी सीलचं बेअरिंग हवं होतं, त्याला सिस्टीममध्ये दिसणारे १२ नग त्या बिनमध्ये मिळणार नव्हते. म्हणून बिनचा खरेपणा रुपयांत मोजू नये, असं माझं ठाम मत झालं. आज ३४ बिन मोजले आणि त्यांतले ३१ बरोबर निघाले, तर आमची अचूकता ९१ टक्के. अधिक आणि वजा, दोन्ही चूकच.

आता कारण शोधायचं. हा बिन २३ दिवसांपूर्वी मोजला होता आणि तेव्हा तो बरोबर होता. म्हणजे घोळ या २३ दिवसांतलाच. तेवढ्या काळात त्या बिनमधून १९ वेळा माल निघाला होता आणि दोनदा आत आला होता. २१ नोंदी एका कागदावर मावतात. एका आवकेत १२ नगांचं एक खोकं आलं होतं. ज्याने ते लावलं, त्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, लेबलावर 6203 वाचलं आणि रॅकला लावलं. बिन तर स्कॅन केला होता." त्याने 2RS चा बिन स्कॅन केला होता आणि खोकं हातभर अंतरावरच्या 2Z च्या बिनमध्ये सरकवलं होतं. सिस्टीमला फक्त बिनचा बारकोड लागत होता, मालाचा नाही. सगळी चूक त्या फटीत होती.

दोन गोष्टी केल्या. दिसायला सारखा माल वेगवेगळ्या गल्ल्यांत हलवला. आणि माल लावताना बिनबरोबर खोक्याचाही बारकोड स्कॅन केल्याशिवाय नोंद पुढे जाणार नाही, असं करून घेतलं. यानंतर फक्त बेअरिंगांच्याच नव्हे, ऑइल सीलच्या चुकाही उतरल्या, कारण तिथेही हेच होत होतं. हेच १२ नग मार्चमध्ये सापडले असते, तर मागे ११ महिन्यांच्या शेकडो नोंदी असत्या, माल लावणारा पोरगा कदाचित काम सोडून गेला असता, आणि आम्ही आकडा दुरुस्त करून पुढे गेलो असतो. चूक करणारी फट तशीच उघडी राहिली असती.

लोक विचारतात, रोज मोजायला माणसं आणायची कुठून? आमचं गणित सांगतो. उलाढालीचा बहुतांश पैसा ज्या थोड्या मालात फिरतो, ते ६०० प्रकार 'ए' वर्गात, वर्षातून सहा वेळा मोजायचे. मधले १,२०० 'बी', वर्षातून दोनदा. उरलेले ४,२०० 'सी', एकदा. एकूण मोजण्या १०,२००. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले, तर रोज ३४. एका बिनला चार मिनिटं धरली तर सव्वादोन तास. सकाळी गाड्या लागायच्या आधी एक जाणता माणूस हे उरकतो. फरक शोधायला आणखी तासभर धरा. (6203 सारखा रोज हलणारा माल आम्ही सहापेक्षा जास्त वेळा मोजत होतो, हात जितके जास्त लागतात, तितकी चूक जास्त, मग किंमत कमी का असेना.)

फिरती मोजणी बिघडतेही, आणि ती बिघडल्याचं पटकन कळत नाही. मोजणी चालू असताना कुणी त्या बिनमधून माल काढला, तर फरक खोटा निघतो. म्हणून तेवढी चार मिनिटं तो बिन सिस्टीममध्ये रोखून ठेवावा लागतो. दुसरा धोका मोठा आहे. माल भलत्याच बिनमध्ये पडला असेल आणि तुम्ही फक्त मालाच्या यादीप्रमाणे, त्याच्या ठरलेल्या जागीच मोजत असाल, तर तो कधीच सापडणार नाही. त्यासाठी काही दिवस यादी मालाची न घेता रॅकची घ्यायची आणि ओळीने प्रत्येक बिन पाहायचा, सिस्टीममध्ये रिकामा दिसणारा बिन तर आवर्जून. शून्य मोजायला पाच सेकंद लागतात. आणि तिसरं म्हणजे फरक आला की कारण न शोधता आकडा बदलण्याची सवय. एकाच मालाचा आकडा दर दोन महिन्यांनी दुरुस्त होताना दिसला, तर समजावं की मोजणी चालू आहे आणि शोध थांबला आहे.

मग वर्षाची मोजणी सोडून द्यावी का? कंपन्यांच्या लेखापरीक्षणाच्या २०२०च्या आदेशात म्हटलं आहे की, व्यवस्थापनाने साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी वाजवी कालांतराने केली का, तिची व्याप्ती आणि पद्धत योग्य होती का, आणि मालाच्या कुठल्याही वर्गात एकंदर १० टक्के किंवा त्याहून जास्त तफावत निघाली का, यावर ऑडिटरने मत द्यावं. ३१ मार्चला शटर ओढा, असं त्यात नाही. पण रोजच्या मोजणीचे कागद, सापडलेली कारणं आणि केलेल्या दुरुस्त्या नीट लावून ठेवलेल्या नसतील, तर ऑडिटर पूर्ण मोजणी मागणार, आणि ते बरोबरच आहे. साठा मोठ्या रकमेचा असेल तर मोजणीच्या वेळी तो स्वतः हजर राहतो. शिवाय हरवलेला म्हणून खर्ची टाकलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. त्यामुळे माल खरंच गेला आहे की शेजारच्या बिनमध्ये पडला आहे, याला रोख पैशात किंमत आहे.

पूर्ण मोजणीची वेळ आमच्यावर नंतर एकदाच आली, गाळा बदलला तेव्हा. जुन्या जागेचे बिन नंबर संपले, नव्या जागी नवे लागले, आणि कुठल्याच आकड्याला मागचा आधार उरला नाही. तिथे फिरती मोजणी कामाची नव्हती. फिरायला आधी एक खरा आकडा हवा. या खेपेस दार बंद केलं ते ऑगस्टमध्ये, पावसामुळे मागणी मंदावलेली असताना. ऑफिसातलं कुणी बोलावलं नाही. रोज सकाळी ३४ बिन मोजणाऱ्या दोघांनी जोड्या पाडल्या, कट-ऑफची वेळ फळ्यावर लिहिली आणि दारातला माल दोरी बांधून वेगळा केला. दीड दिवसात मोजणी संपली. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या रॅकवरचे पहिले ३४ बिन यादीत होते.