चार एमबीचा आंबा

राजापूर परिसरातला एखादा बागायतदार हंगामाच्या तोंडावर हापूसच्या पेट्या विकायला स्वतःची वेबसाइट काढतो, असं धरू. मोबाइलवर काढलेले आठ फोटो, एक दरपत्रक आणि फोन नंबर. घरच्या वायफायवर पान झटकन उघडतं. डोंगराआडच्या वाडीतलं किंवा कोकण रेल्वेच्या गाडीत बसलेलं गिऱ्हाईक मात्र पांढऱ्या पडद्याकडे बघत राहतं. खापर नेटवर्कवर फुटतं. पण त्याच जागी तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्यापैकी लवकर कसा येतो?

कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवण्याआधी तो आपणहून लहान करतं. वेबसाइटवर ते काम कुणीतरी करावं लागतं आणि बहुधा ते राहून जातं.

बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० ठिपके. फाइल चार एमबीच्या आसपास. आठ फोटोंचे झाले ३२ एमबी. सेकंदाला एक मेगाबिट वेग म्हणजे सेकंदाला जेमतेम १२५ केबी, म्हणजे पान पूर्ण यायला चार मिनिटांहून जास्त. एवढा वेळ कोण थांबणार? आणि इतकं सोसून जो फोटो येतो, तो दाखवणाऱ्या पडद्याची रुंदी बहुतेक फोनवर १०८० ठिपके किंवा त्याच्या आसपासच असते. बाकीचे ठिपके डेटा खाऊन वाया जातात.

इथे एक चूक हमखास होते. पानावर फोटोची चौकट लहान केली की फोटो हलका झाला, असं वाटतं. प्रत्यक्षात फोनवर अख्खी फाइल उतरते आणि मग ती आक्रसून दाखवली जाते. फोटो चढवण्याआधीच १०८० बाय ८१० करायला हवा. ठिपके जवळपास चौदापट कमी होतात. मग जेपेगची गुणवत्ता ७५-८० ठेवली, तर तो बहुधा दीडशे-दोनशे केबीत बसतो. जेपेग डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक तपशील टाकून देतं. वेबपी प्रकारात वजन आणखी घटतं. तोच फोटो पीएनजीत ठेवला, तर मात्र उलट फुगतो.

खालचे फोटो गिऱ्हाईक तिथवर पोचत आल्यावरच मागवता येतात:

```html
<img src="hapus.webp" width="1080" height="810" loading="lazy" style="max-width:100%;height:auto">
```

पहिल्या, वरच्या फोटोला मात्र `lazy` लावू नये. तो उगाच उशिरा येतो.

दरपत्रकाचाही फोटोच टाकायची पद्धत आहे. ती सोडावी. अक्षरांत लिहिलेले दर दोन-तीन केबीत मावतात, आणि सर्व्हरवर जीझिप चालू असेल तर त्याहून कमी. जीझिप मजकुरातली पुनरावृत्ती आवळतं. आधीच आवळलेल्या फोटोवर त्याचा काही उपयोग होत नाही.

पान हलकं झालं, तरी कमकुवत रेंजमध्ये प्रत्येक विनंतीचं उत्तर यायला लागणारा वेळ उरतोच. हे तपासायला संगणकावर क्रोममध्ये एफ१२ दाबून `Network` उघडा, `Disable cache` वर खूण करा, वेग `3G` वर ठेवा आणि आपलं पान पुन्हा उघडा; कुठली फाइल अडवून बसली आहे, ते तिथे वजनासकट दिसतं.