शुगर नॉर्मल, तरी दम लागलेला: मेटफॉर्मिन आणि दारूचं गणित

इनबॉक्समध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय. "डॉक्टर, टाइप टू डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. वीकेंडला मित्रांबरोबर बसलो तर चालतं का?" आता 'बसलो' म्हणजे कशासाठी, ते आपल्या सगळ्यांना कळतं.

उत्तराआधी एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

जानेवारीतली रात्रपाळी. अडतीस वर्षांचा तरुण, तीन वर्षांपासून मेटफॉर्मिनची एक ग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेणारा. आधीच्या तपासणीत किडनी एकदम ठीक. 31 डिसेंबरला मित्रांबरोबर कर्जतजवळच्या फार्महाउसवर गेला. रात्रभर व्हिस्की, सोबत फक्त चकणा, जेवण नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू. पाणीसुद्धा पोटात टिकेना. डोकं दुखतंय म्हणून पेनकिलर घेतली, आणि 'शुगरची गोळी चुकवायची नाही' म्हणून मेटफॉर्मिनही घेत राहिला. तिसऱ्या दिवशी पोटात प्रचंड दुखायला लागलं, लघवी जवळजवळ बंद, आणि पडल्या पडल्या धाप लागली.

भाऊ त्याला घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, घरी मशीनवर बघितली, शुगर 148 आहे. ॲसिडिटीच असेल ना?"

ॲसिडिटी नव्हती. पोटात नव्हे, रक्तातच ॲसिड वाढलं होतं. रक्ताचा पीएच 7.35 च्या वर हवा, त्याचा 6.98 होता. लॅक्टेट दोनच्या आत हवं, ते 16 होतं. क्रिएटिनिन चारच्या पुढे. याला म्हणतात लॅक्टिक ॲसिडोसिस.

हे झालं कसं, ते सोपं करून सांगते. आपल्या पेशी साखर वापरतात तेव्हा थोडं लॅक्टेट तयार होतच असतं. लिव्हर ते उचलतं आणि त्याचं पुन्हा ग्लुकोज बनवतं. मेटफॉर्मिनचं एक मुख्य काम म्हणजे लिव्हरच्या या ग्लुकोज बनवण्यावर ब्रेक लावणं. म्हणून तर शुगर कमी होते. पण ब्रेक लागला की लॅक्टेटचा उठावही थोडा मंदावतो. एरवी याने काही बिघडत नाही, कारण किडनी मेटफॉर्मिन लघवीवाटे बाहेर टाकत राहते आणि रक्तातलं प्रमाण आटोक्यात राहतं.

आता यात दारू टाका. दारू पचवताना लिव्हर एनएडी नावाचं एक मदतनीस रसायन भराभर वापरून टाकतं. लॅक्टेट मार्गी लावायलाही तेच लागतं. म्हणजे आधीच मंद झालेलं काम आणखी अडतं. तरीसुद्धा किडनी चालू असेल तर बहुतेक वेळा शरीर निभावून नेतं.

खरा घात होतो तिसऱ्या पायरीला. उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं, किडनीला रक्त कमी पोचलं, वरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर पडली. किडनी बसली. आता मेटफॉर्मिन बाहेर जात नाही, साचतं. आणि आपला गडी रोज आणखी दोन गोळ्या आत टाकतोय! अडवलेल्या नाल्यात वरून पाणी सोडत राहावं, तसं.

त्याला आयसीयूत घेतलं, सलाइन सुरू केलं, डायलिसिस केलं. डायलिसिसने ॲसिडही सुधारतं आणि साचलेलं मेटफॉर्मिनही निघतं. तो वाचला, किडनीही हळूहळू पूर्ववत झाली. सगळेच वाचत नाहीत.

आता घाबरून गोळी फेकू नका, प्लीज. एक लाख लोकांनी वर्षभर मेटफॉर्मिन घेतलं, तर असा प्रकार साधारण दहापेक्षाही कमी जणांना होतो. औषध जुनं, स्वस्त आणि चांगलं आहे. धोका गोळीत एकटीत नाही, एकावर एक रचलेल्या गोष्टींत आहे.

मग किती चालतं? जे पीत नाहीत, त्यांनी सुरू करायचं काहीच कारण नाही. पिणाऱ्यांसाठी हिशेब असा: 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. किडनी आणि लिव्हर ठीक असेल, पोटभर जेवण झालं असेल, तर कधीतरी घेतलेल्या एकदोन छोट्या पेगने लॅक्टिक ॲसिडोसिस होण्याची शक्यता फार कमी. पण "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी ऐका. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे जवळपास 40 ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या झाल्या की आठ. एका बैठकीत भरपूर पिणं किंवा रोजचं पिणं, हे दोन्ही मेटफॉर्मिनबरोबर नकोच. ज्यांना लिव्हरचा आजार आहे किंवा ईजीएफआर कमी आलाय, त्यांच्यासाठी थेंबही नको. ईजीएफआर 30 च्या खाली गेला तर मेटफॉर्मिनच बंद करतात.

काहीजण विचारतात, "प्यायची त्या रात्री गोळी गाळली तर?" त्याने सुटका होत नाही. आधीच्या गोळ्यांचं औषध अंगात असतंच. शिवाय गोळी गाळायची सवय लागली की शुगर वाढते, ते वेगळंच.

गोळी थांबवायची वेळ दुसरी आहे, आणि आजच्या भागातलं हेच लक्षात ठेवा. उलट्या किंवा जुलाब होत असतील, खाणंपिणं पोटात टिकत नसेल, तर कारण दारू असो की बाहेरची पाणीपुरी, मेटफॉर्मिन थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. नीट खाणंपिणं सुरू होऊन 24 ते 48 तास झाले की त्यांना विचारून पुन्हा सुरू करा. हा नियम मेटफॉर्मिनचा आहे. इन्सुलिन असं मनाने बंद करायचं नाही.

हँगओव्हर आणि हे, फरक कसा ओळखायचा? हँगओव्हर संध्याकाळपर्यंत उतरतो. हे तासागणिक वाढतं. उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतं, सुस्ती येते, अंग गार पडतं, आणि आराम करतानाही श्वास खोल आणि जलद चालतो. हा श्वास दिसला की लिंबूपाणी देत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि तिथे दोन वाक्यं सांगा: "मेटफॉर्मिन चालू आहे. दारू झाली होती." लाजू नका. ग्लुकोमीटरवर लॅक्टेट दिसत नाही, म्हणून शुगर 148 असली तरी निर्धास्त राहायचं नाही.

आणि एक काम आत्ता करा. तुमच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून वाचा. मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड लिहिलंय? भारतात अशा जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात. मग उपाशीपोटी दारूने शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि लोक म्हणतात, "जास्त झालीये, झोपू दे त्याला." झोपू देऊ नका. आधी शुगर तपासा.

घरात ज्यांना ही गोळी चालू आहे, त्यांना हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!