गुलाबाच्या पानावरचे काळे ठिपके

फोटोतल्या गुलाबाच्या पानावर काळे ठिपके आहेत आणि भोवती पिवळेपणा. ठिपक्याची कड झालरीसारखी असेल, खालची पानं आधी गळत असतील, तर संशय बुरशीचाच. तरी मी आधी गाव, महिना आणि पाणी विचारते. ही बुरशी रुजायला पान सलग सुमारे 7 तास ओलं राहावं लागतं. कोकणात जुलैमध्ये ते आपोआप घडतं. नागपुरात मे महिन्यात कडेने करपलेलं पान बहुधा ऊन, कोरडी माती किंवा क्षारयुक्त पाणी सुचवतं. पुण्यात हिवाळ्यात मात्र संध्याकाळी पानांवर पाणी मारलं, तर ती रात्रभर ओली राहतात. तिथे सकाळी बुंध्याशीच पाणी द्यावं आणि गळलेली पानं उचलावीत; बुरशी त्यांच्यात टिकून राहते.